रोज साडेचार तास आरशासमोर: दिसण्याची नाराजी कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो

"मॅडम, हल्ली सगळीच पोरं आरशात बघत्यात. आमचा जरा जास्त बघतोय एवढंच. ह्यात आजार कसला?"

मी कोल्हापुरात मानसोपचाराचं काम करते आणि हा प्रश्न मला वर्षातून बऱ्याचदा ऐकायला मिळतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते. तिचा प्रश्न चुकीचा नाही. मोबाइल उघडला की नाक कोरून देणाऱ्या, केस रोवून देणाऱ्या, चेहरा उजळवून देणाऱ्या जाहिराती येतात. लग्नाचं बघायला सुरुवात झाली की घरातली माणसंच रंगावरून, उंचीवरून बोलतात. अशा हवेत स्वतःच्या दिसण्यावर अजिबात नाराज नसलेला माणूस शोधावा लागेल. मग नाराजी कुठवर नाराजी असते आणि कधी आजार होते?

त्या आजाराचं नाव बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर, थोडक्यात बीडीडी. (आपल्याकडे बीडीडी म्हटलं की मुंबईच्या चाळी आठवतात, त्यांचा इथे संबंध नाही.) आपल्या शरीरात काहीतरी विद्रूप आहे, या विचारानं माणूस पछाडला जातो. तो दोष इतरांना दिसतच नाही, किंवा दिसला तरी अगदी किरकोळ वाटतो. एन्रिको मोर्सेली या इटालियन डॉक्टरांनी १८९१ मध्येच याचं वर्णन केलं होतं, तेव्हा ना सेल्फी होता ना रील. आज तो मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या, कुळातला आजार मानला जातो. सामान्य लोकसंख्येत शंभरातल्या साधारण दोघांना तो असतो, आणि बायकांइतकाच पुरुषांनाही होतो. बहुतेकांमध्ये सुरुवात अठराव्या वर्षाच्या आत होते.

पुढे एका मुलाची हकिकत सांगते. दोन-तीन जणांच्या गोष्टी एकत्र करून, ओळख पटणार नाही अशी ती मांडली आहे. आजाराचं वागणं मात्र जसं असतं तसंच ठेवलं आहे.

## एका नाकाचा हिशेब

मुलगा एकवीस वर्षांचा, राजारामपुरीत राहणारा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दहावीच्या निरोप समारंभातल्या फोटोवरून एक मित्र म्हणाला होता, "तुझ्या नाकावर उंट बसलाय." बाकीचे हसले आणि विसरले. हा विसरला नाही. नाकाच्या हाडावर त्याला खरंच हलकासा उंचवटा होता. पुढे त्यानं तो जुना फोटो मला दाखवला तेव्हा, आधी कुणी सांगितलं नसतं तर, मला तो उंचवटा जाणवला नसता.

पहिल्या आठवड्यात मी त्याला काहीच बदलायला सांगितलं नाही. फक्त वही दिली आणि म्हटलं, नाकापायी किती वेळ जातो तेवढा लिही. सकाळी न्हाणीघरात चाळीस मिनिटं. कॉलेजला निघताना मोटारसायकलचा आरसा रस्त्याकडे नाही, तोंडाकडे फिरवलेला, प्रत्येक सिग्नलला नजर त्यात. कॉलेजात प्रयोगशाळेच्या काचेत, बंद मोबाइलच्या काळ्या पडद्यात. दिवसाला तीसेक फोटो, डावीकडून, उजवीकडून, खालून, आणि लगेच पुसून टाकलेले. वर्गात उजवी बाजू भिंतीकडे येईल अशीच जागा, म्हणून सर येण्याआधी वीस मिनिटं जाऊन बसायचं. रात्री नटांची नाकं बघत बसायची. आणि दिवसभर नकळत बोट नाकाच्या हाडावर. सगळी बेरीज साडेचार तासांच्या आसपास आली. बेरीज बघून तो स्वतःच दचकला, कारण त्याच्या मते तो "अधूनमधून" बघायचा.

या वहीतच फरक सापडतो. नाक न आवडणारी मुलगी लग्नाला जाताना दोन मिनिटं हळहळते, मेकअप करते, मांडवात पोचली की मैत्रिणींत रमते. तिची नाराजी प्रसंगाबरोबर येते आणि कामाला लागलं की मागे सरते. बीडीडीत विचार प्रसंगाची वाट बघत नाही. डॉक्टर पहिल्या भेटीत साधारण असं विचारतात: या विचारात दिवसाचा तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जातो का? त्यापायी आरसा बघणं, झाकणं, विचारणं, तुलना करणं, असं काही पुन्हा पुन्हा करावं लागतं का? आणि त्यानं अभ्यास, नोकरी, नाती यांतलं काही बिघडलं आहे का? तिन्हींचं उत्तर "हो" असेल तर नीट तपासणी करायला हवी. दोष किती मोठा आहे याला यात फार महत्त्व नसतं. महत्त्व असतं त्या दोषानं दिवसातली किती जागा खाल्ली याला.

एक गोष्ट वेगळी काढायला हवी. वजनाच्या आणि जाडीच्या भीतीनं जेवण सोडणं हा खाण्याशी संबंधित वेगळा आजार असू शकतो. दोन्ही एकाच माणसात असतातही, पण उपचार वेगळे असल्यामुळे निदान डॉक्टरांनीच करावं.

## गुजरीतलं भिंग

आता मुख्य कोड्याकडे येऊ. साडेचार तास नाक बघणाऱ्याला नाक कसं आहे ते एव्हाना कळायला हवं होतं. तसं का होत नाही?

गुजरीत सोनाराच्या पेढीवर कधी त्याच्या डोळ्याचं भिंग मागून घेऊन कोल्हापुरी साजाकडे बघा. जवमण्यांवर ओरखडे दिसतात, पानांच्या कडा असमान दिसतात, डाक दिलेली जागा खरखरीत दिसते. यातलं काही खोटं नाही. पण साज गळ्यात घातल्यावर समोरच्याला साज दिसतो, ओरखडा दिसत नाही. भिंगातून जे दिसलं ते खरं असूनही, साज कसा दिसतो या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

आपण एरवी चेहरा ओळखतो तो एकदम, आख्खा. डोळे, नाक, हनुवटी अशी मोजदाद करत नाही. बीडीडी असलेली माणसं आरशात बघतात तेव्हा बहुधा चार-सहा इंचांवर येतात आणि एका तुकड्यावर नजर रोवतात. बाकीचा चेहरा मावळतो. सतत बघितलेला तुकडा मनात मोठा होतो. किडलेल्या दातातला खड्डा जिभेला विहिरीएवढा वाटतो, तसंच काहीसं.

हे नुसतं सवयीमुळे होतं असंही नाही. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात जेमी फ्यूस्नर यांनी २००७ मध्ये बीडीडीच्या रुग्णांना मेंदूच्या स्कॅनमध्ये झोपवून चेहऱ्यांचे फोटो दाखवले. फोटो त्यांचे स्वतःचे नव्हते, अनोळखी माणसांचे होते. काही फोटो मुद्दाम धूसर केले होते, म्हणजे बारकावे उरलेच नव्हते, फक्त एकंदर ठेवण दिसत होती. इतरांचा मेंदू अशा वेळी आख्खा चेहरा बघण्याची पद्धत वापरतो. रुग्णांचा मेंदू तिथेही बारकावे शोधायची यंत्रणा चालवत होता. भिंग जणू डोळ्यालाच चिकटलेलं. बघण्याच्या या ढबीमुळे आजार होतो की आजारामुळे ही ढब येते, हे एका पाहणीवरून ठरत नाही. पण "नखरे करतोय" म्हणणाऱ्या घरच्यांना मी हे आवर्जून सांगते.

## आरसा सरळ उत्तर का देत नाही

अंघोळीनंतर वाफ धरलेल्या आरशावर एक डोळा मिटून बोटानं स्वतःच्या चेहऱ्याची कड काढून बघा. मग ती रेघ मोजा. ती खऱ्या चेहऱ्याच्या निम्म्या आकाराची भरेल, तुम्ही जवळ उभे राहा की लांब. रोज इतक्या लहान प्रतिमेकडे बघून आपल्याला ती पूर्ण आकाराची वाटते, कारण आकाराचा हिशेब मेंदू करतो. आरशात बघणं म्हणजे नुसतं टिपणं नव्हे, त्यात मन भर घालत असतं. मोटारसायकलचा आरसा तर फुगीर असतो, जवळ तोंड नेलं की नाकच पुढे येतं. आमच्या मुलाचा सगळ्यात जास्त विश्वास याच आरशावर होता.

आणि फोन? २०१८ मध्ये अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलं की एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक, पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत, सुमारे तीस टक्के रुंद दिसतं. कारण सरळ आहे. इतक्या जवळून नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा बरंच जवळ असतं. मी हे त्याला दाखवलं, दोन्ही अंतरांवरून फोटो काढून. त्याला पटलं. पण संध्याकाळी त्यानं पुन्हा एक फुटावरूनच फोटो काढला, कारण त्याच्या मनातल्या नाकाशी तोच जुळत होता.

तो आरशाला नेमकं काय विचारत होता? आपण आरशाला विचारतो, भांग सरळ आहे का, दाताला कोथिंबीर लागली आहे का. याला उत्तर असतं. ते मिळालं की आपण बाजूला होतो. तो विचारत होता, "आता बरं वाटतंय का?" हा प्रश्न नाकाचा नाही, मनातल्या भावनेचा आहे, आणि काच ते सांगू शकत नाही. तो मनातली घालमेल बघायचा आणि ती नाकावर आहे असं समजायचा. घालमेल असेपर्यंत नाक वाकडंच.

लंडनचे डॉ. डेव्हिड व्हील यांनी २००१ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर ५२ रुग्णांना आणि ५५ इतरांना आरशासमोरच्या वेळाबद्दल विचारलं. रुग्णांची एका बैठकीतली सगळ्यात लांब वेळ सरासरी ७२ मिनिटं निघाली, इतरांची वीस मिनिटांच्या आसपास. बघण्याआधी रुग्णांना दर वेळी आशा असायची की आज वेगळं दिसेल, आणि उठताना ते आधीपेक्षा जास्त खिन्न असायचे. मला त्यांच्या पुढच्या प्रयोगाचं जास्त नवल वाटतं. त्यात आजार नसलेल्या माणसांनाही दहा मिनिटं जवळून आरशात बघायला लावलं, तर त्यांचीही स्वतःवरची नाराजी वाढली. म्हणजे इतका वेळ टक लावली तर आरसा कुणालाच मानवत नाही.

तरीही माणूस परत आरशाकडे का जातो? घर सोडताना गॅस बंद आहे का हे आपण एकदा बघतो आणि निघतो. मनात शंका येऊन दहा वेळा बघितलं तर? नेदरलँड्समध्ये २००३ साली संगणकावरच्या खोट्या शेगडीवर हा प्रयोग झाला. जे पुन्हा पुन्हा तपासत राहिले त्यांची आठवण फारशी चुकली नाही, पण आठवणीवरचा भरवसा उडाला. चित्र पुसट झालं, "बघितलं तर आहे, पण नक्की?" असं झालं. तपासणं शंका मिटवण्यासाठी असतं आणि तेच शंका वाढवतं. आरशाचंही असंच होतं. बघितल्यावर क्षणभर सुटका वाटते, ती ओसरते, आणि मेंदू एवढंच शिकतो की अस्वस्थ झालं की आरशाकडे जायचं. खरजेवर खाजवल्यासारखं.

## आरसे झाकून टाकले तर?

बऱ्याच घरांत हा उपाय होतो. याच्याही घरी झाला. आईनं न्हाणीघरातला आरसा काढून माळ्यावर टाकला. चार दिवस तो खिडकीच्या काचेत बघत राहिला, पाचव्या दिवशी कॉलेजलाच गेला नाही. आरसा टाळणं ही आरशाला चिकटण्याचीच दुसरी बाजू आहे. टाळलं की मनातलं चित्र तपासलंच जात नाही आणि भीती जिथल्या तिथे राहते. मास्क, टोपी, चेहऱ्यावर ओढलेले केस, गर्दीत विशिष्ट बाजूला उभं राहणं, हे सगळं याच जातीचं. मास्क लावून गेलो म्हणून कुणी हसलं नाही, असा हिशेब मन मांडतं, आणि मास्कशिवाय काय झालं असतं ते कधी कळतच नाही.

## "चांगलंच हाय की नाक" म्हटलं तर?

त्याची आई दिवसातून पंधरा-वीस वेळा हे म्हणायची. तो नाक वर करून विचारायचा, "आई, इथून बघ. आता?" ती हातातली लाटणी ठेवून, पदराला हात पुसून, खरोखर बघायची. "चांगलंच हाय की रे. काय बघालयस एवढं?" त्याला पाच मिनिटं बरं वाटायचं. मग मनात यायचं, आई आहे, ती असंच म्हणणार. किंवा, तिनं नीट बघितलंच नाही. आणि परत प्रश्न.

आईचा धीर म्हणजे बोलणारा आरसा. तिची माया खोटी नव्हती, पण काम तेच करत होती. वडील दुसऱ्या टोकाला: "एवढी उंची दिलीय देवानं आणि नाक धरून बसलाय." वाद घातला की तो पुरावे काढायचा, फोटो दाखवायचा, आणि घर तासभर नाकावरच बोलायचं. दोघांना मी एकच वाक्य ठरवून दिलं: "तुला आत्ता त्रास होतोय हे मला दिसतंय. नाकाबद्दल मी बोलणार नाही. चल, जेवायला बसू." पहिले आठ दिवस आईला हे फार कठीण गेलं. ती मला फोनवर म्हणाली, पोटच्या पोराला दगडासारखं वागवतेय असं वाटतं.

## मग ऑपरेशन करून विषयच संपवला तर?

ते माझ्याकडे येण्याआधीच झालं होतं. वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढून दुसऱ्या शहरातल्या एका सर्जनकडून नाकाचं ऑपरेशन करून घेतलं. उंचवटा गेला. काम चांगलं झालं होतं, हे नंतर दुसऱ्या सर्जननीही सांगितलं.

नाकाच्या ऑपरेशननंतर साधारण आठवडाभर नाकावर आधाराची पट्टी असते. ती निघाली तरी सूज राहते, आणि शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागू शकतं. म्हणजे आकार महिनोन् महिने किंचित बदलत राहतो. आरसा तपासण्याचं व्यसन असलेल्या माणसाला यापरतं खाद्य काय? पहिले तीन आठवडे तो खूश होता. दुसऱ्या महिन्यात शेंडा डावीकडे झुकल्यासारखा वाटू लागला. चौथ्या महिन्यात कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन तो नाकपुड्यांचं अंतर मोजत होता. फरक निघाला, कारण दोन्ही नाकपुड्या तंतोतंत सारख्या कुणाच्याच नसतात. शिवाय आता एक नवीन विचार आला होता: "आधीचं नाक बरं होतं. मीच बिघडवून घेतलं." पश्चात्तापाची धार आधीच्या दुःखाला नव्हती.

तो दुसऱ्या सर्जनकडे पुन्हा ऑपरेशन मागायला गेला. त्या बाईंनी नाक बघितलं आणि विचारलं, "रोज किती वेळ यात जातो?" मग ऑपरेशन नाकारून त्याला मानसोपचाराकडे पाठवलं. मला त्यांचं फार कौतुक वाटतं, कारण पैसे टेबलावर होते.

हे एकट्याचं नशीब नाही. अमेरिकेत कॅनिस क्रेरँड आणि कॅथरीन फिलिप्स यांनी बीडीडीच्या दोनशे रुग्णांची माहिती तपासली. सौंदर्याच्या शस्त्रक्रिया आणि छोट्या प्रक्रिया यांतल्या शंभरातल्या जेमतेम दोन-तीनच अशा निघाल्या की ज्यांनंतर आजार टिकाऊपणे कमी झाला. यात एक बारीक मेख आहे, आणि तिच्यामुळेच लोक फसतात. ज्या भागावर काम झालं त्याबद्दलचं वाटणं अनेकांचं सुधारतं. "नाक आता ठीक आहे," असं ते म्हणतात. मग हनुवटी सुरू होते, किंवा त्वचा, किंवा केस. भिंग तेच राहतं, फक्त दुसऱ्या मण्यावर जातं. फेशियल, उजळवणारी क्रीमं, लेझर, केसरोपण, सगळ्यांचा हिशेब असाच, फक्त खर्च आणि वण कमी-जास्त.

## पण ऑपरेशन करून सुखी झालेली माणसं आहेत की

आहेत, आणि बरीच आहेत. भाजल्याचे वण, दुभंगलेला ओठ, अपघातात मोडलेलं नाक, हे सगळ्यांना दिसणारे दोष आहेत. त्यांवर उपचार घेणं हा आजार नाही. आणि साधी नाराजी असलेल्या माणसानं विचार करून ऑपरेशन केलं तर तो बहुधा समाधानी होतो. मी कुणाला क्रीम लावू नका किंवा नाक सरळ करू नका म्हणत नाही.

ओळखायचं कसं, यावर मी अपेक्षेकडे बघते. साधी नाराजी असलेला माणूस म्हणतो, उंचवटा जरा कमी झाला तर बरं. तो आताही नोकरीवर जातो, मित्रांत बसतो. बीडीडी असलेला म्हणतो, नाक झालं की मी कॉलेजला जाईन, मग मित्र करीन, मग जगायला लागेन. आख्खं आयुष्य त्यानं एका हाडामागे थांबवून ठेवलेलं असतं. दुसरी खूण म्हणजे फिरलेले डॉक्टर: तीन-चार ठिकाणी जाऊन आलेला, प्रत्येकावर नाराज, हातात फोनमधल्या फोटोंची चळत. पाहण्यांनुसार सौंदर्यशस्त्रक्रियेला येणाऱ्यांत बीडीडीचं प्रमाण शंभरात तेराच्या आसपास आणि नाकाच्या ऑपरेशनला येणाऱ्यांत वीसच्या आसपास आढळलं आहे. म्हणून कापण्याआधी "रोज किती वेळ?" हा प्रश्न विचारायलाच हवा असं माझं मत आहे.

## तालमीच्या गावात दुसरा नमुना

आपल्याकडे याचं एक रूप सहज सुटून जातं, कारण ते व्यायामाच्या आड लपतं. मुलगा चांगला भरलेला असतो आणि त्याला वाटतं आपण काडी आहोत. उन्हाळ्यातही दोन टी-शर्ट एकावर एक. व्यायाम चुकला तर दिवस नासतो, बहिणीच्या लग्नातही जेवण डब्यातलं. यात स्नायू पुरेसे नाहीत या विचारानं पछाडलेपण येतं आणि ते बीडीडीतच मोडतं. तालमीतल्या पैलवानाचा हिशेब मातीत होतो, पाठ लागली की नाही ते सगळ्या मैदानाला दिसतं. जिममधल्या या मुलाचा हिशेब भिंतीभरच्या आरशात होतो आणि तो कधीच चुकता होत नाही. तो स्टेरॉइडच्या सुयांकडे वळला तर हृदयाला आणि यकृताला धोका असतो. अशा मुलाला "किती छान बॉडी" म्हणणं हाही बोलणारा आरसाच.

## मग कशानं बरं होतं?

दोन उपचारांना चांगला आधार आहे. एक, बीडीडीसाठी बेतलेली वर्तन आणि विचारांवरची थेरपी, ज्याला सीबीटी म्हणतात. दोन, एसएसआरआय गटातली औषधं, जी नैराश्यात आणि ओसीडीतही देतात. इथे औषधाचा डोस नैराश्यापेक्षा बऱ्याचदा जास्त लागतो आणि परिणाम नीट कळायला बारा आठवडे द्यावे लागतात. तीन आठवड्यांत "काही फरक नाही" म्हणून गोळी सोडणं ही इथली सगळ्यात मोठी चूक. वाढवणं आणि थांबवणं दोन्ही मनोविकारतज्ज्ञांनीच करायचं.

आमच्या मुलाबरोबर आम्ही आरशापासून सुरुवात केली. आरसा माळ्यावरून खाली आला. नियम असे: दिवसातून दोनदा, कामापुरता, म्हणजे दाढी आणि भांग. हातभर अंतरावरून, नजर आख्ख्या चेहऱ्यावर, आणि काम झालं की बाजूला. मोटारसायकलचा आरसा रस्त्याकडे.

मग माझ्या खोलीत मोठ्या आरशासमोर त्याला उभं करून डोक्यापासून पायापर्यंत वर्णन करायला सांगितलं, जणू फोनवर कुणा चित्रकाराला सांगतोय. अट एक, चांगलं-वाईट असा शब्द नको. पहिल्यांदा तो म्हणाला, "केस काळे. कपाळ... नाक घाणेरडं." थांबवलं. "घाणेरडं हा रंग आहे की आकार?" बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "नाक लांबट. शेंडा गोल. रंग गालासारखाच." नाकाला दोन वाक्यं, कानाला दोन, खांद्याला दोन. नजर एका जागी अडकू नये याची ही तालीम होती, आणि ती त्यानं रोज पाच मिनिटं केली.

सगळ्यात अवघड होतं ते बाहेर. मास्क न लावता मिसळीच्या दुकानात ट्यूबलाइटखाली, उजवी बाजू लोकांकडे करून वीस मिनिटं बसायचं. आधी त्याच्याकडून अंदाज लिहून घेतला: "निम्मे लोक तरी टक लावून बघतील." तिथे मोजायचं, किती जण नाकाकडे टक लावतात. तो दोन पानं लिहून घेऊन आला. एकोणीस माणसं आली-गेली. एका लहान मुलीनं त्याच्याकडे बघितलं, पण तिची नजर त्याच्या ताटातल्या पावावर होती. या प्रयोगात नाक चांगलं आहे असं मी त्याला पटवत नाही. अस्वस्थता असूनही बसून राहिलं तर ती आपोआप उतरते का, आणि भीती घातलेलं घडतं का, हे तो स्वतः तपासतो. पुढे रंकाळ्यावर संध्याकाळच्या गर्दीत, मग वर्गात पहिल्या बाकावर.

पाच महिन्यांनी वहीतली बेरीज पन्नास मिनिटांवर आली होती. मधे सेमिस्टरच्या परीक्षेत ती पुन्हा दोन तासांवर गेली, आणि तसं होणार हे आम्ही आधीच बोलून ठेवलं होतं. नाक डावीकडे झुकलंय असं त्याला अजूनही वाटतं. ते वाटूनही तो प्रॅक्टिकलला वेळेवर पोचतो.

## डॉक्टरांना काय सांगायचं

या आजारात माणसाला स्वतःची लाज वाटते. "एवढ्याशा गोष्टीसाठी" म्हणून तो डॉक्टरांना खरं सांगत नाही. झोप नाही, मन लागत नाही एवढंच सांगतो, आणि उपचार फक्त नैराश्याचा होतो. म्हणून कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढा किंवा खासगी मनोविकारतज्ज्ञांकडे जा, पण पहिल्याच भेटीत तीन गोष्टी स्वतःहून सांगा: कोणत्या भागाचा विचार येतो, दिवसाला किती तास जातात, आणि त्यापायी काय काय सुटलं. आठवडाभराची वही बरोबर नेली तर बोलायची अर्धी अडचण संपते. मुलगा यायला तयार नसेल तर नाकावर वाद घालू नका. "तू नीट झोपत नाहीस, कॉलेज बुडतंय, त्यासाठी जाऊ" म्हणा, ते त्यालाही खरं वाटतं.

आणखी एक, जे आई-वडील विचारायला घाबरतात. या आजारात जीव देण्याचे विचार येण्याचं प्रमाण खूप जास्त आहे, ऑपरेशन फसल्यासारखं वाटल्यावर तर विशेष. सरळ विचारा, "मरून जावंसं वाटतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्री-अपरात्री सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.